सीसीएनए ते सीसीआयई: परीक्षा कोणत्या क्रमाने द्यायच्या आणि का

सिस्कोने सीसीआयई ही तज्ज्ञ पातळीची परीक्षा १९९३ मध्ये सुरू केली. आज जिला आपण पहिली पायरी समजतो ती सीसीएनए आणि तिच्या वरची सीसीएनपी, या दोन्ही १९९८ मध्ये आल्या. म्हणजे आधी कळस, मग पाया असा हा इतिहास आहे. म्हणूनच सीसीआयईच्या प्रॅक्टिकलला बसण्यासाठी सीसीएनए किंवा सीसीएनपीची अट कधीच नव्हती, आजही नाही. कागदावर पाहिलं तर एक लेखी परीक्षा द्यायची, प्रॅक्टिकल द्यायचं आणि थेट सीसीआयई व्हायचं, हे शक्य आहे.

तरीही बहुतेक लोक पायरी-पायरीने जातात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. मात्र पायऱ्या कोणत्या क्रमाने चढायच्या याचा विचार फार थोडे करतात. 'आधी सीसीएनए, मग सीसीएनपी, मग सीसीआयई' एवढंच ऐकून परीक्षा बुक केल्या जातात. मग प्रॅक्टिकलची तयारी ऐन भरात असताना लक्षात येतं, की मुदत संपत आली आहे. हा लेख मुख्यतः त्या मुदतीच्या हिशोबाबद्दल आहे, आणि प्रत्येक पायरीवर नेमकं काय वाढतं याबद्दलही. सिस्कोत बरेच ट्रॅक आहेत. मी इथे एंटरप्राइझचाच ट्रॅक घेतो, कारण ऑफिस, बँका, रुग्णालयं यांची नेटवर्कं सांभाळणारी आपली बहुतेक मंडळी याच वाटेने जातात.

एकच पेपर, दोन ठिकाणी उपयोग

२४ फेब्रुवारी २०२० ला सिस्कोने सगळी रचना बदलली. त्याआधी सीसीएनपीसाठी रूट, स्विच आणि टीशूट असे तीन पेपर असत, वर सीसीएनए असणं सक्तीचं होतं. सीसीआयईसाठी पुन्हा वेगळी लेखी परीक्षा, आणि मग प्रॅक्टिकल.

आता सीसीएनपी एंटरप्राइझला दोनच पेपर आहेत. एक कोअर पेपर, त्याचं नाव एन्कोर, कोड 350-401. दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे यादीतून आपल्या आवडीचा एक विषय निवडायचा. राउटिंगवाले त्यात सहसा एनारसी घेतात, कोड 300-410. दोन्ही पेपर कोणत्याही क्रमाने देता येतात. त्यातला एकच पास झालात तरी त्या विषयापुरतं 'सिस्को सर्टिफाइड स्पेशालिस्ट' हे प्रमाणपत्र मिळतं.

खरी गंमत एन्कोरमध्ये आहे. सीसीआयईची वेगळी लेखी परीक्षा आता उरली नाही, तिचं काम एन्कोरच करतो. एन्कोर पास झालात की सीसीएनपीचा अर्धा भाग पूर्ण होतो आणि त्याच दिवशी सीसीआयईच्या प्रॅक्टिकलला बसण्याची पात्रताही मिळते. अभ्यास एकदा, फी एकदा, उपयोग दोनदा.

पण ही पात्रता तीन वर्षांचीच असते. तेवढ्यात प्रॅक्टिकल पास झालात तर उत्तम, नाहीतर एन्कोर पुन्हा द्यावा लागतो. म्हणजे एन्कोर पास झाल्याच्या दिवसापासून सीसीआयईचं घड्याळ चालू होतं. एनारसी पास झाल्याने हे घड्याळ चालू होत नाही. क्रमाचा सगळा प्रश्न या एका फरकावर उभा आहे.

तारखा मांडून पाहू

समजा, पुण्यातल्या एखाद्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये शिफ्टमध्ये काम करणारी एक इंजिनिअर आहे. तिने जानेवारी २०२६ मध्ये सीसीएनए पास केली. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, म्हणजे जानेवारी २०२९ पर्यंत. सीसीआयई करायचंच हे तिचं ठरलेलं आहे. नोकरी सांभाळून अभ्यास करायचा, त्यामुळे दर पेपरला बरेच महिने लागणार हे धरून चालू.

ती रूढ क्रमाने गेली तर काय होईल? फेब्रुवारी २०२७ मध्ये एन्कोर, ऑगस्ट २०२७ मध्ये एनारसी. ऑगस्टमध्ये सीसीएनपी हातात. पण प्रॅक्टिकलचं घड्याळ फेब्रुवारी २०२७ पासूनच चालू झालेलं असतं आणि फेब्रुवारी २०३० मध्ये थांबतं. मधले सहा महिने एनारसीच्या अभ्यासात गेलेले. म्हणजे सीसीएनपी झाल्यावर निव्वळ प्रॅक्टिकलच्या तयारीला अडीच वर्षं उरतात.

आता क्रम उलटा करू. फेब्रुवारी २०२७ मध्ये एनारसी, ऑगस्ट २०२७ मध्ये एन्कोर. सीसीएनपी ऑगस्टमध्येच मिळते, एक दिवसही उशीर नाही. पण प्रॅक्टिकलचं घड्याळ ऑगस्टमध्ये चालू होतं आणि ऑगस्ट २०३० पर्यंत चालतं. पेपर तेच, फी तीच, अभ्यास तेवढाच, आणि हाती पूर्ण तीन वर्षं. नोकरी करणाऱ्या माणसाला हे सहा महिने फार मोलाचे आहेत. पहिल्या प्रयत्नात अपयश आलं, तर दुसऱ्या प्रयत्नाची तयारी याच काळात होते.

या दोन्ही वाटांत सीसीएनएचं काय होतं, हेही बघा. वरच्या पातळीचा पेपर पास झाला की खालचं चालू प्रमाणपत्र आपोआप पुढे ढकललं जातं. फेब्रुवारी २०२७ मध्ये एनारसी पास होताच सीसीएनएची मुदत फेब्रुवारी २०३० होते. ऑगस्टमध्ये एन्कोर झाला की ती ऑगस्ट २०३० पर्यंत जाते. सीसीएनएसाठी वेगळा खर्च नाही, वेगळा पेपर नाही. मात्र खालचं प्रमाणपत्र चालू असतानाच वरचा पेपर पास व्हायला हवा. जानेवारी २०२९ उलटून गेल्यावर एनारसी पास केलीत, तर संपलेली सीसीएनए परत येत नाही.

उलट्या क्रमाला एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. एनारसी हा खोल पेपर आहे. त्यात रोजच्या राउटिंगची ओळख गृहीत धरलेली असते. एन्कोर रुंद आहे: राउटिंग, व्हर्च्युअलायझेशन, सुरक्षा, क्यूओएस, ऑटोमेशन, सगळं थोडं थोडं. ज्यांच्या रोजच्या कामात राउटिंग येतच नाही, त्यांना एनारसी आधी दिल्याने जड जाईल. त्यांनी एन्कोर आधी द्यावा. पण जे रोज राउटरवर लॉगिन करतात आणि ज्यांचं सीसीआयईचं नक्की आहे, त्यांना मी एनारसी आधी असंच सांगतो. अभ्यासात खोली आधी आली की रुंदी मिळवायला तितका त्रास होत नाही.

प्रत्येक पायरीवर नेमकं काय वाढतं

पायऱ्या चढताना दर वेळी नवे विषय येतात असा समज आहे. काही येतात, पण मुख्य फरक वेगळा आहे. तोच विषय परत येतो आणि त्याच्याबद्दल विचारला जाणारा प्रश्न बदलतो. एका उदाहरणावर हे नीट दिसेल. सिस्को मॉडेलिंग लॅब्जची मोफत आवृत्ती पाच उपकरणांपर्यंत चालते, आणि या उदाहरणाला बरोबर पाचच राउटर लागतात. तेव्हा वाचून सोडून देऊ नका, स्वतः उभारून बघा.

R5 ला R1 जोडलेला. R1 खाली दोघांना जोडलेला, R2 आणि R3. हे दोघे खाली R4 ला जोडलेले. वरच्या भागात, म्हणजे R5, R1, R2, R3 यांच्यात, ईआयजीआरपी चालतं. खालच्या भागात, म्हणजे R2, R3, R4 मध्ये, ओएसपीएफ. दोन्ही भागांच्या सीमेवर R2 आणि R3 उभे आहेत आणि दोघेही इकडचे मार्ग तिकडे, तिकडचे इकडे सांगतात. यालाच रीडिस्ट्रिब्यूशन म्हणतात. R5 वर `172.16.50.0/24` हे नेटवर्क बाहेरून ईआयजीआरपीत आणलेलं आहे.

आता R3 वर हे दिसतं:

```
R3# show ip route 172.16.50.0
Routing entry for 172.16.50.0/24
  Known via "ospf 1", distance 110, metric 20, type extern 2
```

सीसीएनएच्या पातळीवर प्रश्न एवढाच असतो: यातला ११० म्हणजे काय? तो ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स. एकच नेटवर्क दोन प्रोटोकॉलकडून कळलं, तर ज्याचा आकडा लहान त्यावर राउटर विश्वास ठेवतो. ओएसपीएफचा ११०, बाहेरून ईआयजीआरपीत आलेल्या मार्गाचा १७०. म्हणून ओएसपीएफ जिंकलं. उत्तर बरोबर, पेपर पास.

एनारसीत प्रश्न पुढे सरकतो: R3 चा R1 शी थेट दुवा असताना तो ओएसपीएफवर का अवलंबून आहे? कारण R2 ने ही बातमी ईआयजीआरपीकडून ऐकली आणि ओएसपीएफमध्ये सांगितली. R4 मार्फत ती R3 पर्यंत पोचली. R3 ने तीच बातमी R1 कडून थेटही ऐकली होती, पण त्या मार्गाचा आकडा १७०. गावात आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून फिरून आपल्याच कानावर यावी आणि आपण तीच जास्त खरी मानावी, तसं झालं. आता R3 कडची पॅकेट R4, R2, R1 असा वळसा घालून जातात. `traceroute` मारलात की हा वळसा लगेच दिसतो.

हे इथवर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण R3 च्या टेबलात आता हा मार्ग ओएसपीएफचा आहे, म्हणून तो तो परत ईआयजीआरपीत सांगतो. R1 ला तो R3 कडून ऐकू येतो. R5 आणि R1 मधला दुवा हळू असेल आणि R3 वर रीडिस्ट्रिब्यूशनसाठी आपण दिलेली मेट्रिक चांगली असेल, तर R1 ला R3 चा मार्ग बरा वाटतो. मग पॅकेट R1 कडून R3 कडे, तिथून R4, तिथून R2, आणि R2 कडून परत R1 कडे. लूप तयार. `traceroute` मध्ये तेच पत्ते पुन्हा पुन्हा येऊ लागले, की समजायचं.

एनारसीचं उत्तर म्हणजे टॅग. R2 आणि R3 दोघांवर, ईआयजीआरपीतून ओएसपीएफमध्ये जाणाऱ्या मार्गावर खूण लावायची आणि ती खूण असलेला मार्ग परत येऊ द्यायचा नाही:

```
route-map EIGRP-TO-OSPF permit 10
 set tag 170
route-map OSPF-TO-EIGRP deny 10
 match tag 170
route-map OSPF-TO-EIGRP permit 20
```

शेवटची `permit 20` ची ओळ विसरली तर? राउट-मॅपच्या शेवटी न दिसणारा नकार असतो, त्यामुळे ओएसपीएफचे सगळेच मार्ग अडतात. ही चूक इतक्या वेळा होते, की राउट-मॅप लिहिल्यावर आधी शेवटची ओळ तपासायची सवय लावून घ्यावी.

लूप गेला. पण R3 वर पुन्हा `show ip route` बघा, अजून ११० च आहे. बातमी परत जायची थांबली, तरी R3 वळसा घालतोच आहे. इथे सीसीआयईची पातळी सुरू होते. प्रॅक्टिकलमध्ये 'लूप काढा' असं कोणी म्हणत नाही. मागणी असते की दोन्ही सीमावर्ती राउटरनी त्या नेटवर्कसाठी जवळचाच मार्ग घ्यावा, शिवाय एखादी अट: स्टॅटिक रूट वापरायचा नाही, दुसऱ्या कुठल्या मार्गाला धक्का लागता कामा नये.

पहिलं सुचतं ते हे:

```
router ospf 1
 distance ospf external 180
```

आता ओएसपीएफच्या बाह्य मार्गांचा आकडा १८०, ईआयजीआरपीचा १७०. R3 थेट R1 कडे जातो. काम झालं असं वाटतं. पण जे मार्ग मुळात बाहेरून ओएसपीएफमध्येच आले आहेत, त्यांचा विचार करा. त्यांचा आकडाही १८० झाला. असा मार्ग R2 ने ईआयजीआरपीत सांगितला की R3 ला तो १७० ने ऐकू येतो, आणि आता तो त्या मार्गासाठी उलट्या बाजूने वळसा घालू लागतो. एका नेटवर्कचं दुखणं दुसऱ्याला लागलं. म्हणून वरची ओळ काढून आकडा हव्या त्या नेटवर्कपुरताच बदलायचा:

```
access-list 10 permit 172.16.50.0 0.0.0.255
router ospf 1
 distance 180 0.0.0.0 255.255.255.255 10
```

तिन्ही पातळ्यांवर विषय एकच, दोन आकड्यांची तुलना. सीसीएनएला तो आकडा वाचता येतो. एनारसीला आकड्यामुळे झालेला बिघाड सापडतो आणि दुरुस्त होतो. सीसीआयईला आपल्या दुरुस्तीमुळे दुसरीकडे काय मोडेल हे आधी दिसावं लागतं. पायऱ्या गाळून थेट वर जाणाऱ्यांची अडचण इथे होते. आज्ञा पाठ असतात, पण `show` च्या निकालातला कुठला आकडा खटकायला हवा हे डोळ्यांना कळत नाही. तो डोळा खालच्या दोन पायऱ्यांवर तयार होतो.

प्रॅक्टिकलचे आठ तास

सीसीआयई एंटरप्राइझचं प्रॅक्टिकल एका दिवसाचं, आठ तासांचं असतं. पूर्वी ते दोन दिवस चालायचं, २००१ मध्ये एक दिवसाचं झालं. भारतातलं केंद्र बंगळुरूला आहे.

आठ तासांचे दोन भाग आहेत. पहिले तीन तास डिझाइनचे. इथे राउटर हातात नसतो. एका कंपनीची कागदपत्रं, ईमेल, आकृत्या दिलेल्या असतात आणि त्यावरून निर्णय घ्यायचे असतात. एका प्रश्नाचं उत्तर देऊन पुढे गेलात की मागे येता येत नाही. उरलेले पाच तास प्रत्यक्ष उभारणी, चालवणं आणि सुधारणा यांचे. दोन्ही भागांत किमान गुण लागतात, वर एकूण गुणांची अटही असते. म्हणजे पाच तासांच्या भागात कितीही चांगलं केलंत तरी डिझाइनमध्ये किमान गुणांच्या खाली गेलात तर निकाल नापासच.

आपल्याकडच्या तयारीत हा तीन तासांचा भाग सर्वात दुर्लक्षित राहतो असं मला वाटतं. आपण आज्ञा टाइप करण्याचा सराव करतो, पण चार पानांचा ईमेल-व्यवहार वाचून 'या कंपनीला नेमकं काय हवं आहे आणि काय नको आहे' हे ओळखण्याचा सराव करत नाही. त्यावर एक उपाय आहे. स्वतःच्या कामावर झालेला एखादा खरा बदल घ्या. तो का केला, दुसरा कोणता पर्याय होता, तो का नाकारला, हे एका पानात लिहून काढा. दर आठवड्याला एक. ऑफिसची गोपनीय माहिती त्यात येऊ देऊ नका.

तयारी झाली का हे ओळखायचं कसं? वरचं पाच राउटरचं उदाहरण कोऱ्या उपकरणांपासून सुरू करा. टिपणं बंद. पत्ते, दोन्ही प्रोटोकॉल, रीडिस्ट्रिब्यूशन, टॅग, डिस्टन्स आणि शेवटी प्रत्येक गोष्ट `show` ने तपासणं, हे सगळं अर्ध्या तासात झालं तर हात बसला आहे. त्याहून जास्त वेळ लागला तर वेळ कुठे गेला ते बघा. बहुतेकांचा वेळ टाइप करण्यात जात नाही, चूक कुठे आहे हे शोधण्यात जातो. म्हणून एखाद्या मित्राला त्यात मुद्दाम दोन बिघाड करून द्यायला सांगा. स्वतः केलेला बिघाड शोधण्यात काही सराव होत नाही.

डम्प, म्हणजे चोरलेले प्रश्न, यांच्या बळावर एन्कोर काढून काही लोक प्रॅक्टिकलच्या दारात येतात. पकडले गेले तर निकाल रद्द होतो, ते वेगळंच. न पकडले गेले तरी नुकसान त्यांचंच. त्यांचं तीन वर्षांचं घड्याळ चालू झालेलं असतं आणि ज्या अभ्यासाच्या जोरावर ते धावायचं, तो अभ्यासच झालेला नसतो.

पैसे आणि मुदत एकत्र धरा

सीसीएनए ३०० डॉलर, एन्कोर ४००, एनारसी ३००, प्रॅक्टिकल १६००. एकूण २६०० डॉलर. यात कर, प्रवास, मुक्काम, शिकवणी काही नाही. सिस्को फी बदलत असते, म्हणून बुकिंगआधी ताजी फी बघून घ्या. प्रॅक्टिकलच्या प्रत्येक प्रयत्नाला पूर्ण फी परत भरावी लागते. म्हणूनच मी बजेट मांडताना प्रॅक्टिकलचे दोन प्रयत्न धरायला सांगतो, म्हणजे पहिल्यात अपयश आलं तर तयारी तापलेली असतानाच दुसरी तारीख घेता येते. पैशांची जुळवाजुळव करण्यात वर्ष गेलं तर हात पुन्हा जड होतो. कंपनी फी भरत असेल तर ती किती प्रयत्नांची भरते आणि नोकरी सोडल्यास परत मागते का, हे आधी लेखी विचारून घ्या.

आता आपल्या इंजिनिअरकडे परत. एन्कोर ऑगस्ट २०२७ मध्ये झाला, मुदत ऑगस्ट २०३० पर्यंत. पहिला प्रयत्न फेब्रुवारी २०२९ च्या आसपास ठेवला, तर आधी दीड वर्ष तयारीला मिळतं आणि नंतरही दीड वर्ष उरतं. त्यात दुसरा, गरज पडली तर तिसरा प्रयत्न बसतो.

आणि तरीही २०३० चा उन्हाळा आला आणि प्रॅक्टिकल झालं नाही, तर? ऑगस्ट २०३० ला तिची सीसीएनपीही संपते आहे. सीसीएनपीचं नूतनीकरण करण्याच्या मार्गांपैकी एक म्हणजे कोअर पेपर पास होणं. तिने जूनमध्ये एन्कोर पुन्हा दिला, तर त्या एका पेपरने सीसीएनपी चालू राहते, सीसीएनए चालू राहते आणि प्रॅक्टिकलची नवी तीन वर्षंही मिळतात. पेपर मात्र मुदतीच्या आत द्यावा लागतो, आणि अगदी शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. नापास झाल्यास पुन्हा बसण्याआधी पाच दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मुदत संपली तर सीसीएनपीसाठी दोन्ही पेपर पुन्हा द्यावे लागतील.